अठ्ठावीस गुणांचे दहा कसे झाले?

अमेरिकेत कॉलेज प्रवेशासाठी सॅट नावाची परीक्षा असते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही परीक्षा तयार करणाऱ्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं: शाळांमधून चालणाऱ्या अल्पकालीन कोचिंग वर्गांनी या परीक्षेचे गुण खरोखर वाढतात का? परीक्षेची रचनाच अशी होती की थोड्या दिवसांच्या घोकंपट्टीने किंवा युक्त्यांनी गुणांत फार फरक पडू नये. आठ शाळांचं म्हणणं मात्र वेगळं होतं. आमच्या वर्गाचा मुलांना चांगला फायदा होतो, असं प्रत्येक शाळेला वाटत होतं.

मग आठही शाळांत स्वतंत्र प्रयोग झाले. कोणत्या मुलांना कोचिंग मिळेल आणि कोणती त्याविना राहतील हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं यादृच्छिक पद्धतीने ठरवलं. मुलांनी आधी दिलेल्या प्राथमिक परीक्षेचे गुण हिशेबात धरून दोन्ही गटांतला फरक काढला. परीक्षेच्या भाषिक भागात हे गुण २०० ते ८०० या पट्टीवर मोजले जात. पहिल्या शाळेत, म्हणजे संख्याशास्त्राच्या पुस्तकांत जिला ए शाळा म्हणतात तिथे, कोचिंगचा फायदा निघाला २८ गुण. बी मध्ये ८, सी मध्ये उणे ३, डी मध्ये ७, ई मध्ये उणे १, एफ मध्ये १, जी मध्ये १८ आणि एच मध्ये १२.

१९८१ मध्ये डोनाल्ड रुबिन यांनी या आकड्यांवर एक लेख लिहिला आणि तेव्हापासून 'आठ शाळा' हे संख्याशास्त्राच्या वर्गांतलं नेहमीचं उदाहरण झालं. ए शाळेने २८ गुण मिळवून दाखवले, तरी तिच्या कोचिंगचा खरा फायदा १० गुणांच्या आसपास असावा, असं रुबिन यांच्या वाटेने जाणारा हिशेब सांगतो. जी शाळेचे १८ होते, तिचेही १०. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा ए शाळेवरचा अन्याय वाटतो. दिसलेल्या २८ मधले १८ गुण संख्याशास्त्रज्ञ कोणत्या अधिकाराने काढून घेतो? याचं उत्तर शाळेत शिकलेल्या भारित सरासरीपलीकडे जात नाही, आणि ते कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येतं. वाचकांनी तसं पडताळून पाहावं म्हणूनच हा लेख.

आधी एक महत्त्वाची गोष्ट. वर दिलेला प्रत्येक आकडा एकटा नाही, त्याच्यासोबत आणखी एक आकडा आहे: त्याची प्रमाण त्रुटी. ए शाळेच्या २८ ची प्रमाण त्रुटी १५ गुणांची होती. म्हणजे असं की त्याच शाळेत, तेच शिक्षक, तोच वर्ग, पण दुसरी मुलं घेऊन प्रयोग पुन्हा केला असता तर उत्तर नेमकं २८ आलं नसतं. असे प्रयोग पुन्हा पुन्हा केले तर साधारण तीनांपैकी दोन वेळा उत्तर खऱ्या परिणामाच्या अलीकडे-पलीकडे १५ गुणांच्या आत पडेल आणि एकदा त्याहूनही दूर जाईल. एखादा मुलगा परीक्षेच्या दिवशी आजारी असतो, एखाद्या मुलीला नेमके तयारीतले शब्द येतात, चिठ्ठ्यांमध्ये हुशार मुलं थोडी जास्त एका बाजूला जातात. या सगळ्याची बेरीज म्हणजे ती १५. जी शाळेच्या १८ ला प्रमाण त्रुटी १० होती, ई शाळेच्या उणे १ ला ९, आणि एच शाळेच्या १२ ला तर १८.

हे दोन आकडे जोडीने वाचले की चित्र बदलतं. नेहमीच्या चाचणीत परिणाम त्याच्या प्रमाण त्रुटीच्या दुपटीइतका तरी असावा अशी अपेक्षा असते. ए शाळेचे २८ हे १५ च्या दुपटीपेक्षा कमी आहेत. जी शाळेचे १८ हे १० च्या दुपटीपेक्षा कमी आहेत. आठांपैकी एकही शाळा ही पायरी ओलांडत नाही. तरीही कोचिंगचा फायदा शून्यच, असं म्हणणं घाईचं होईल. आठांपैकी सहा आकडे शून्याच्या वर आहेत आणि जे दोन खाली आहेत ते अगदी थोडे खाली आहेत.

आठही आकडे, ज्याची त्रुटी कमी त्याला जास्त मान देत एकत्र केले, तर सरासरी फायदा ७.७ गुण निघतो. हातानं हिशेब करायला सोपं जावं म्हणून आपण ८ धरू. प्रश्नांच्या भाषेत सांगायचं तर ८ गुण म्हणजे सुमारे एक प्रश्न जास्त बरोबर येणं.

आता दोन टोकाच्या वाटा समोर येतात. पहिली म्हणते, प्रत्येक शाळा वेगळी, तिचा आकडा तिचा. ए चे २८, सी चे उणे ३. दुसरी म्हणते, सगळ्या शाळांत फायदा सारखाच, प्रत्येकीला ८ द्या. पहिली वाट धरली तर सी शाळेच्या कोचिंगमुळे गुण कमी झाले असं मानावं लागतं. दुसरी धरली तर ए आणि सी यांच्यात काडीचाही फरक नाही असं मानावं लागतं. शाळेच्या शिक्षकाला विचारलं तर दोन्ही गोष्टी त्याला पटणार नाहीत, आणि त्याचं बरोबर आहे. शाळाशाळांत काहीतरी फरक असणार, पण तो ३१ गुणांचा असेल असं वाटत नाही.

मधली वाट काढायची तर शाळांच्या खऱ्या परिणामांत किती फरक असू शकतो हे आधी सांगावं लागेल. समजा, आपण म्हटलं की शाळांचे खरे परिणाम ८ च्या भोवती पसरलेले आहेत, घंटेच्या आकाराच्या त्या परिचित नॉर्मल वक्राप्रमाणे, आणि त्यांचं प्रमाण विचलन ५ गुण आहे. याचा अर्थ बहुतेक शाळांचा खरा फायदा उणे २ ते १८ यांच्या दरम्यान आहे आणि २८ गुण खरोखर वाढवणारी शाळा फारच दुर्मीळ. या विधानाला पूर्वानुमान किंवा प्रायर म्हणतात, कारण ते ए शाळेचा निकाल उघडून बघण्याआधी तिच्याबद्दल आपण काय म्हणू ते सांगतं. हा ५ चा आकडा कुठून आणला हा प्रश्न रास्त आहे आणि त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

आता ए शाळेचा निकाल उघडा: २८. हा आकडा दोन गोष्टींची बेरीज आहे. शाळेचा खरा परिणाम, अधिक त्या दिवशीचा योगायोग. सरासरी ८ होती, म्हणजे २० गुण जास्त आले. या २० मधले किती शाळेच्या कर्तृत्वाचे आणि किती योगायोगाचे? सगळे २० शाळेचे म्हणायचे, तर ही शाळा सरासरीपासून चार प्रमाण विचलनं दूर आहे असं मानावं लागेल (२० भागिले ५). अशी शाळा काही हजारांत एखादीही सापडणार नाही. सगळे २० योगायोगाचे म्हणायचे, तर योगायोगाने आपल्या प्रमाण त्रुटीच्या सव्वापटीहून थोडी मोठी उडी घेतली असं होतं (२० भागिले १५), आणि असं तर वारंवार घडतं. म्हणजे बहुतांश श्रेय योगायोगाला जाणार हे दिसतंच आहे. प्रश्न नेमक्या वाटणीचा आहे.

नॉर्मल वक्राचा एक गुणधर्म इथे उपयोगी पडतो. त्यात मध्यापासून दूर जाण्याची किंमत अंतराच्या वर्गाने वाढते आणि ती विचलनाच्या वर्गाने भागलेली असते. दुप्पट दूर जायचं तर चौपट किंमत. म्हणून खऱ्या परिणामासाठी कोणताही आकडा सुचवला की त्याला दोन दंड भरावे लागतात: पूर्वानुमानाच्या ८ पासून दूर गेल्याबद्दल एक, निकालाच्या २८ पासून दूर गेल्याबद्दल दुसरा. पहिला दंड मोजताना ५ चा वर्ग, म्हणजे २५ ने भागायचं. दुसरा मोजताना १५ चा वर्ग, म्हणजे २२५ ने. एकूण दंड सर्वांत कमी जिथे, ते सर्वाधिक शक्य मूल्य.

करून पाहू. खरा परिणाम २८ मानला तर दुसरा दंड शून्य, पण पहिला २० चा वर्ग भागिले २५, म्हणजे १६. खरा परिणाम ८ मानला तर पहिला शून्य, दुसरा ४०० भागिले २२५, म्हणजे १.७८. खरा परिणाम १२ मानला तर पहिला १६ भागिले २५ म्हणजे ०.६४ आणि दुसरा २५६ भागिले २२५ म्हणजे १.१४, एकूण पुन्हा १.७८. आणि १० मानला तर ०.१६ अधिक १.४४, एकूण १.६०. ९ किंवा ११ घेऊन पाहा, दोन्हींत १.६० पेक्षा थोडं जास्तच येईल, आणि दोन्हींत सारखंच येईल. ८ आणि १२ यांचा दंडही सारखाच आला होता. हा सारखेपणा अपघाती नाही. दोन वर्गांची बेरीज केली की उरणारं पदही वर्गाचंच असतं, त्याचा मध्य फक्त नव्या ठिकाणी सरकतो. म्हणूनच पूर्वानुमान नॉर्मल आणि निकालाची त्रुटीही नॉर्मल असेल, तर सुधारित अनुमानही नॉर्मलच राहतं. त्याला पोस्टेरियर म्हणतात. इथे त्याचा मध्य १० आहे.

हेच एका ओळीत मिळवण्याची रीत अशी. विचलनाच्या वर्गाचा व्यस्त घ्या आणि त्याला नेमकेपणा म्हणा. पूर्वानुमानाचा नेमकेपणा १ भागिले २५, ए शाळेच्या निकालाचा १ भागिले २२५. एकाचं दुसऱ्याशी प्रमाण ९ ला १. म्हणून ८ ला नऊ भार, २८ ला एक भार: ९ गुणिले ८ म्हणजे ७२, त्यात २८ मिळवले की १००, आणि दहाने भागले की १०. दिसलेल्या २८ चे १० झाले ते असे. वाढीव २० गुणांची वाटणी म्हणून पाहिलं तर शाळेला २ मिळाले आणि योगायोगाला १८. पूर्वानुमानाचा नेमकेपणा नऊपट असल्याचा आणखी एक अर्थ निघतो, आणि मला तो सगळ्यांत जास्त बोलका वाटतो: ए शाळेत झाला तसे नऊ प्रयोग आधीच झालेले आहेत आणि त्यांची सरासरी ८ आली आहे, इतकं वजन आपण पूर्वानुमानाला दिलं. असं शब्दांत मांडलं की हे वजन जास्त झालं का, यावर ज्याला गणित येत नाही तोही वाद घालू शकतो.

जी शाळेला तेच माप लावा. तिची त्रुटी १०, वर्ग १००. पूर्वानुमानाचा २५. प्रमाण ४ ला १. चार गुणिले ८ म्हणजे ३२, अधिक १८ म्हणजे ५०, भागिले पाच: पुन्हा १०. ए च्या २८ मधून अठरा गेले, जी च्या १८ मधून आठच गेले, कारण जी चा प्रयोग जास्त नेमका होता आणि तिच्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवायला जागा होती. कच्च्या यादीत ए शाळा जी च्या १० गुण पुढे होती. इथे दोघी बरोबरीत आल्या.

यादीच्या दुसऱ्या टोकाला तर क्रमच उलटतो. सी शाळेचा निकाल उणे ३, म्हणजे सगळ्यांत वाईट. ई शाळेचा उणे १. पण सी ची त्रुटी १६ आणि ई ची ९. हिशेब केला की सी शाळा सुमारे ७ वर येते आणि ई शाळा सुमारे ५.९ वर. शेवटचा क्रमांक आता ई चा. सी चा आकडा दिसायला जास्त वाईट होता, पण तो फारसा भक्कम नव्हता. ई चा आकडा थोडाच वाईट होता, पण तो सांगणारा प्रयोग नेमका होता. नुसत्या सरासऱ्या लावून शाळांची उतरंड करणाऱ्या कोणालाही हे एक उदाहरण दाखवावं.

सुधारित अनुमान किती पक्कं आहे तेही याच रीतीने कळतं. नेमकेपणांची बेरीज करायची. ए शाळेसाठी १ भागिले २५ म्हणजे ०.०४, अधिक १ भागिले २२५ म्हणजे ०.००४४, बेरीज ०.०४४४. हिचा व्यस्त २२.५ आणि त्याचं वर्गमूळ ४.७. म्हणजे ए शाळेचा खरा फायदा १० गुण, आणि त्यात अलीकडे-पलीकडे ४.७ गुणांची अनिश्चितता. एकट्या प्रयोगाने ती १५ ठेवली होती, एकट्या पूर्वानुमानाने ५. दोन्ही मिळून ती दोहोंपेक्षा कमी झाली, पण ५ वरून ४.७ ही उतरण फारच थोडी आहे. ए शाळेच्या प्रयोगाने आपल्याला नवीन असं फार काही सांगितलं नव्हतं, हे यातून उघड होतं. तोच प्रयोग नऊ पट मुलांवर झाला असता तर त्रुटी १५ ची ५ झाली असती, दोन्ही बाजू समसमान झाल्या असत्या, आणि तरीही निकाल २८ आला असता तर सुधारित अनुमान १८ वर गेलं असतं. म्हणजे शाळेच्या आकड्याला मुळात दाबून ठेवलेलं नाही. माहिती वाढेल तसा तो स्वतःच्या जोरावर वर येतो.

परीक्षांच्या जगाला ही कल्पना नवी नव्हती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ट्रुमन केली यांनी १९२० च्या दशकात विद्यार्थ्यांच्या गुणांसाठी हेच सूत्र मांडलं होतं: मुलाची खरी पातळी ओळखायची तर त्याचे मिळालेले गुण आणि त्याच्या गटाची सरासरी यांचं मिश्रण घ्यावं, आणि परीक्षा जितकी विश्वासार्ह तितका मिळालेल्या गुणांचा वाटा मोठा ठेवावा. केलींच्या सूत्रात मूल होतं, रुबिन यांच्या उदाहरणात शाळा आहे, बाकी बांधणी तीच.

आता तो राहिलेला प्रश्न. शाळांमधला फरक ५ गुणांचा, हे कोणी ठरवलं?

प्रामाणिक उत्तर असं की आठ आकड्यांवरून तो नीट ठरतच नाही. सगळ्या शाळांचा खरा परिणाम अगदी सारखा असता आणि दिसणारे फरक निव्वळ योगायोगाचे असते, तरी आकडे किती विखुरलेले दिसले असते हे मोजता येतं. प्रत्येक शाळेचं सरासरीपासूनचं अंतर तिच्या त्रुटीने भागायचं, वर्ग करायचा आणि आठही वर्ग मिळवायचे. निव्वळ योगायोग असेल तर ही बेरीज साधारण ७ यावी. या आठ शाळांची येते ४.७. म्हणजे शाळांमध्ये कसलाच फरक नाही हे म्हणणंही आकड्यांशी सुसंगत आहे, कारण विखुरणं अपेक्षेपेक्षा कमीच आहे. त्याच वेळी प्रमाण त्रुटी इतक्या मोठ्या आहेत की पाच किंवा दहा गुणांचा खरा फरक त्यांच्या आड सहज लपून राहील.

म्हणून वेगवेगळे आकडे घालून पाहावं लागतं. फरक १० धरला तर ए शाळा १४ वर जाते आणि जी १३ वर, ए थोडी पुढे. ५ धरला तर दोघी १० वर. ३ धरला तर दोघी नऊच्या थोड्या खाली येतात आणि जी केसभर पुढे जाते. कोणती शाळा पहिली, याचं उत्तरच गृहीतकावर अवलंबून असल्यामुळे ते उत्तर छातीठोकपणे देता येत नाही. पण काही गोष्टी कुठलाही आकडा घेतला तरी टिकतात. या तिन्ही गृहीतकांत ए शाळा २८ च्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून खाली राहते, आणि सी शाळेचा परिणाम उणे राहत नाही. रुबिन यांनी आणि पुढे अँड्र्यू गेलमन आणि सहकाऱ्यांनी 'बेझियन डेटा अ‍ॅनॅलिसिस' या पाठ्यपुस्तकात कोणताही एकच आकडा न निवडता शक्य असलेले सगळे फरक, ज्याची शक्यता जास्त त्याला जास्त भार देत, एकत्र केले. त्या पूर्ण हिशेबातही ए आणि जी या दोघींचा मध्य १० च्याच आसपास येतो. मात्र अनिश्चिततेची पट्टी आपल्या ४.७ पेक्षा बरीच रुंद निघते, आणि ते योग्यच आहे, कारण तिथे ५ हा आकडा ठाऊक असल्याचा दावा नाही.

या रीतीत चुका कुठे होतात तेही सांगायला हवं. सगळ्यांत जास्त आढळणारी चूक म्हणजे विचलनाचा वर्ग न करता भार देणं. ए शाळेत १५ आणि ५ यांचंच प्रमाण धरलं तर भार ३ ला १ होतो आणि उत्तर १३ येतं, म्हणजे योगायोगाला मिळायला हवे होते त्यातले तीन गुण शाळेच्या खात्यात जातात. दुसरी चूक याहून घातक असते: मुलांच्या गुणांमधलं विचलन आणि सरासरीची प्रमाण त्रुटी यांची गल्लत. एका मुलाचे गुण दुसऱ्यापेक्षा शंभर गुणांनी सहज वेगळे असू शकतात. तो शंभराचा आकडा चुकून सूत्रात गेला तर शाळेच्या प्रयोगाला जवळजवळ काहीच भार उरत नाही आणि सगळ्या शाळा ८ वर चिकटून बसतात. सुधारित आकडे असे एकाच जागी गोठलेले दिसले तर आधी हीच गल्लत तपासावी.

तिसरा धोका सूत्राच्या स्वभावातच आहे. समजा ए शाळेने २८ ऐवजी १०० गुणांची वाढ दाखवली असती. सूत्राने शांतपणे ९ गुणिले ८, अधिक १००, भागिले १० करून १७.२ सांगितलं असतं, आणि अनिश्चितता पुन्हा तीच ४.७. म्हणजे १७ हे उत्तर ना पूर्वानुमानाच्या फार जवळ, ना निकालाच्या, आणि तरी सूत्राचा आत्मविश्वास तसूभरही कमी नाही. नॉर्मल-नॉर्मल जोडीत अनिश्चितता फक्त दोन विचलनांवर ठरते. दोघांचं एकमेकांशी पटतं का, हे सूत्र विचारत नाही. म्हणून ते आपण विचारायचं. पूर्वानुमान आणि निकाल यांच्यातलं अंतर घ्या, आणि दोन्ही वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने भागा. ए शाळेसाठी २५ अधिक २२५ म्हणजे २५०, वर्गमूळ १५.८. प्रत्यक्षातलं अंतर २० होतं, म्हणजे सव्वापट. काळजीचं कारण नाही. निकाल १०० असता तर अंतर ९२, म्हणजे जवळजवळ सहापट. तिथे सरासरी काढत न बसता थांबायचं आणि आकडा चुकीचा उतरवला गेला का, ही शाळा मुळातच वेगळ्या जातीची आहे का, हे शोधायचं. अशा शाळा अपेक्षित असतील तर नॉर्मल वक्राऐवजी लांब शेपटीचा वक्र घेतात. तो फार दूरच्या निकालाला मध्याकडे ओढत नाही.

या सगळ्याखाली एक अट आहे आणि ती आकड्यांत दिसत नाही. निकाल उघडण्याआधी आठ शाळांपैकी कोणती चांगली ठरेल हे सांगण्यासारखं काहीच आपल्याला माहीत नव्हतं, म्हणून आठही शाळांना एकच पूर्वानुमान लावता आलं. ए शाळेत इतरांच्या तिप्पट तास शिकवलं जात होतं असं आधीच कळलं असतं, तर तिला इतर सात जणींच्या सरासरीकडे ओढणं चूक ठरलं असतं. तिचं पूर्वानुमान वेगळं, जास्त वरचं ठेवावं लागलं असतं. निकाल पाहिल्यावर ए शाळेसाठी अशी खास कारणं शोधून काढणं मात्र बेइमानी आहे.

आणि एखाद्या एका शाळेच्या बाबतीत या रीतीने अन्याय होऊच शकत नाही, असंही नाही. ए शाळेचं कोचिंग खरोखरच २८ गुण वाढवणारं असेल, तर आपण तिला १० देऊन फसलो. ही रीत हमी देते ती वेगळी: पूर्वानुमान बरोबर असेल, तर ए सारखे २८ गुण दाखवणाऱ्या, तितक्याच त्रुटीच्या अनेक शाळा गोळा केल्यावर त्यांच्या खऱ्या परिणामांची सरासरी १० निघेल. त्यात एखादी २० ची असेल, एखादी १ ची. पण प्रत्येकीला २८ देणारा माणूस जवळजवळ प्रत्येक वेळी जास्त देऊन बसेल.

आपल्याकडे लातूरपासून पुण्या-मुंबईपर्यंत क्लासेसच्या जाहिरातींत गुणवाढीचे दावे असतात, पण ही दोन्ही विचलनं कुठेच नसतात. मुलाचं नाव घालण्याआधी पालकांनी क्लासला दोन गोष्टी नक्की विचाराव्यात. ही वाढ किती मुलांच्या सरासरीवरून काढली आहे, आणि त्याच ताकदीच्या, पण क्लास न लावलेल्या मुलांचे गुण तेवढ्याच काळात किती वाढले? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत जाहिरातीतल्या आकड्याला फारसा भार देऊ नका.